व्हाउचर ‘इनव्हॅलिड’ म्हणतंय? आधी पिनचे आकडे मोजा

*ताई, नमस्कार. मी लोअर परळच्या एका ऑफिसात डिस्पॅचला आहे. गेल्या दिवाळीला कंपनीने सगळ्यांना पाच हजारांचं गिफ्ट व्हाउचर ईमेलवर दिलं. मेल तसाच पडून होता. आता लेकीसाठी मिक्सर घ्यायचा म्हणून अ‍ॅपमध्ये टाकलं, तर ‘इनव्हॅलिड कार्ड नंबर ऑर पिन’ असं येतं. नंबर सोळा आकडी आहे, चार-चारच्या गटात लिहिलेला, आणि खाली पिन. माझ्या आणि मुलाच्या फोनवर बऱ्याचदा करून पाहिलं, आता तर ‘नंतर प्रयत्न करा’ म्हणतंय. मैत्रिणींचे तेव्हाच चालले होते. त्यांचा पिन सहा आकडी आहे, माझा पाच, पण प्रत्येकाचा वेगळा असेल असं वाटलं. एचआर म्हणतं, आम्ही पाठवलं, आता अ‍ॅपवाल्यांना विचारा. अ‍ॅपवाले म्हणतात, ज्यांनी दिलं त्यांना विचारा. मुलाने नेटवरून कस्टमर केअरचा नंबर काढला, तर तो माणूस फोनमध्ये काहीतरी डाउनलोड करायला सांगू लागला, म्हणून फोन ठेवला. मुदत या महिनाअखेरीस संपते. पैसे गेले असंच समजू का?*
*— एक वाचक, लालबाग*

ताई, पैसे गेले असं अजिबात समजू नका. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेली एक गोष्टच बहुधा उत्तर आहे. मैत्रिणींचा पिन सहा आकडी आणि तुमचा पाच. पिन प्रत्येकीचा वेगळा असणारच, पण एकाच कंपनीने एकाच वेळी काढलेल्या व्हाउचरांमध्ये पिनची लांबी वेगवेगळी नसते. सगळ्यांचा सहा आकडी असेल तर तुमचाही सहा आकडीच आहे. एक आकडा वाटेत गळलाय, आणि माझी जवळजवळ खात्री आहे की तो पिनच्या सुरुवातीचा शून्य आहे.

तो कुठे गळला असेल ते सांगते, म्हणजे एचआरशी बोलताना तुम्हाला नेमकं विचारता येईल. कंपनी अशी व्हाउचरं एकेक करून घेत नाही. व्हाउचर विकणाऱ्या कंपनीला एकदम ऑर्डर जाते आणि तिकडून एक फाइल येते. फाइलमध्ये एका ओळीत एक व्हाउचर: नंबर, पिन, रक्कम, मुदत. मग एचआरमधलं कुणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडतं, शेजारी कर्मचाऱ्यांची नावं आणि ईमेल चिकटवतं आणि तिथून सगळ्यांना मेल जातात. गडबड होते ती फाइल उघडताना. एखाद्या रकान्यात नुसते आकडे दिसले की एक्सेल ती संख्या आहे असं धरतं, आणि संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसते, म्हणून ते शून्य काढून टाकतं. समजा फाइलमध्ये पिन ०४७३१५ असा होता, तर पडद्यावर ४७३१५ दिसतं. बऱ्याचदा ना कसली खूण, ना कसली सूचना. मग मेल लिहिणाऱ्याला काही बिनसलंय हे कळायला मार्गच नसतो.

तुमचा सोळा आकडी नंबर मात्र शाबूत राहिला असणार, कारण तो चार-चारच्या गटात, मध्ये जागा सोडून लिहिलेला आहे. मध्ये मोकळी जागा असली की एक्सेल त्याला संख्या न मानता मजकूर मानतं आणि जसाच्या तसा ठेवतं. म्हणून नंबर बरोबर आणि पिन लंगडा, अशी अवस्था झाली. मैत्रिणींचे पिन शून्याने सुरू होत नसतील, त्यामुळे त्यांना काहीच जाणवलं नाही. पिनचा पहिला आकडा शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही येऊ शकतो असं धरलं, तर दहातल्या साधारण एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला हा त्रास येतो. तुमच्या ऑफिसात शंभर माणसं असतील तर तुम्ही एकट्या नाही. बाकीच्यांनी एकतर कंटाळून नाद सोडला असेल किंवा अजून मेल उघडलाच नसेल.

आता काय करायचं ते सांगते, पण आज लगेच करू नका. ‘नंतर प्रयत्न करा’ असं येतंय याचा अर्थ खूप चुकीचे प्रयत्न झाल्यामुळे ते खातं किंवा ते कार्ड काही काळासाठी अडवलं गेलंय. चोर अंदाजाने पिन शोधत बसू नयेत म्हणून ही व्यवस्था असते. अशा वेळी पुन्हा पुन्हा टाकत राहिलं तर अडवणूक लांबते. पूर्ण एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या लॉगिनमधून, एकदाच प्रयत्न करा. नंबर मेलमधून कॉपी न करता हाताने टाका, कारण कॉपी करताना शेवटी एखादी मोकळी जागा चिकटून येते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मग पिनच्या जागी आधी शून्य आणि पुढे तुमचे पाच आकडे. टाकून झाल्यावर सहा आकडे भरलेत ना, ते मोजा आणि मगच बटण दाबा.

‘स्वतःच्या लॉगिनमधून’ यावर मी मुद्दाम जोर देतेय. व्हाउचर एकदा कुणाच्या खात्यात जमा झालं की सहसा ते तिथून दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही. मुलाच्या फोनवर प्रयत्न करताना तो त्याच्या खात्यात लॉगिन होता का तुमच्या, हे एकदा आठवा. त्याच्या खात्यातली गिफ्ट कार्डची शिल्लकही उघडून बघा. असंही होतं की पहिल्याच प्रयत्नात पैसे जमा होतात, पण नेमकी तेव्हाच रेंज जाते. लोकलमध्ये बसून फोन करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. पडद्यावर काहीच येत नाही, माणूस पुन्हा टाकतो, आणि आता मात्र अ‍ॅप ते नाकारतं. तुमच्या बाबतीत पाच आकडी पिनमुळे हे घडलं असण्याची शक्यता कमी आहे, पण दोन मिनिटांचं काम आहे, बघून टाका.

अ‍ॅप तुम्हाला ‘पिनमध्ये एक आकडा कमी आहे’ असं सरळ का सांगत नाही, हा प्रश्न तुमच्या मनात येणं साहजिक आहे. ते मुद्दाम केलेलं असतं. ‘नंबर बरोबर आहे, पिन चुकला’ असं अ‍ॅपने सांगितलं, तर कुठले नंबर खरे आहेत हे भामट्याला आयतंच कळेल आणि मग त्याला फक्त पिनच्या मागे लागायचं उरेल. म्हणून दोन्हींसाठी एकच संदेश ठेवतात. त्यामुळे ‘इनव्हॅलिड’ या शब्दाने घाबरू नका. तुम्ही दिलेली नंबर-पिनची जोडी त्यांच्या नोंदीत सापडली नाही, एवढंच तो संदेश सांगतो. व्हाउचर वापरलं गेलं, मुदत संपली किंवा रक्कम नाहीशी झाली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्या गोष्टींसाठी सहसा वेगळे संदेश असतात.

शून्य लावून चाललं तर प्रश्नच मिटला. नाही चाललं, तर तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाच्या फंदात न पडता व्हाउचर कुणी जारी केलंय ते बघा. मेलच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, अटींमध्ये त्या कंपनीचं किंवा बँकेचं नाव असतं. बऱ्याचदा हे नाव अ‍ॅपचं नसतं आणि तुमच्या ऑफिसचंही नसतं. तिसरीच पार्टी असते, आणि तुमचे पाच हजार खऱ्या अर्थाने त्यांच्याकडे जमा आहेत. अ‍ॅपवाले आणि एचआर दोघेही तुम्हाला टोलवत होते ते यामुळेच. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते, पण विचारायला हवं ते तिसऱ्याला.

जारी करणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर शिल्लक तपासायचं पान असतं. त्याचा पत्ता मेलमधल्या अटींत दिलेला असतो, तोच टाइप करा, गूगलवर शोधू नका. तिथे नंबर आणि सहा आकडी पिन टाकला की तीनपैकी एक उत्तर मिळेल. पाच हजार शिल्लक दिसली, तर व्हाउचर धडधाकट आहे आणि अडचण अ‍ॅपच्या बाजूची आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन अ‍ॅपच्या आतल्या मदत विभागात तक्रार टाका. स्क्रीनशॉटमध्ये पिन दिसत असेल तर तो आधी झाकून टाका. शिल्लक शून्य दिसली, तर व्हाउचर कुणीतरी वापरलंय, आणि ते कुठल्या तारखेला, कुठे वापरलं हे जारी करणारी कंपनी नोंदीतून काढू शकते. तिथेही ‘इनव्हॅलिड’च आलं, तर तुमच्या मेलमधले आकडे चुकीचे आहेत हे पक्कं झालं आणि चेंडू पुन्हा एचआरच्या अंगणात गेला.

एचआरला विचारताना ‘माझं व्हाउचर चालत नाही’ एवढंच म्हणू नका. त्यावर ‘आम्ही पाठवलंय’ हेच उत्तर येणार. असं सांगा: “माझ्या मेलमध्ये पिन पाच आकडी आहे आणि बाकीच्यांचा सहा आकडी. व्हाउचर कंपनीकडून आलेल्या मूळ फाइलमधली माझी ओळ जरा बघाल का? सुरुवातीचं शून्य गळलंय असं वाटतंय.” एवढं नेमकं सांगितलं की समोरच्याला दोन मिनिटांत तपासता येतं आणि कुणावर ठपका ठेवल्यासारखंही होत नाही. फक्त ती अख्खी फाइल तुम्हाला पाठवू नका म्हणावं. त्यात सगळ्यांचे नंबर आणि पिन असतात, म्हणजे सगळ्या ऑफिसची रोकडच.

हे उत्तर एचआरमधलं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोन शब्द. मूळ फाइलवर डबल क्लिक केलंत तर एक्सेल पुन्हा शून्य खाईल आणि तुम्हालाही पाचच आकडे दिसतील. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, तिथे आकडे जसे आले तसे दिसतात. एक्सेलमध्येच हवी असेल तर ‘डेटा’मधून फाइल आत घ्या आणि नंबर आणि पिनचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. एक्सेलने उघडलेली फाइल त्याच नावाने सेव्ह झाली असेल, तर तिच्यातलीही शून्यं गेली. मग विक्रेत्याकडून नवी प्रत मागवावी लागेल. पिन सगळे सहा आकडी आहेत हे नक्की माहीत असेल, तर गळलेली शून्यं या सूत्राने परत लावता येतात. सूत्र शेजारच्या रिकाम्या रकान्यात लिहा, B2 च्या जागी पहिला पिन असलेली चौकट घाला आणि सूत्र खालपर्यंत ओढा:

```
=TEXT(B2,"000000")
```

आणि ते करताना पाच किंवा चार आकडी पिन गेलेल्या सगळ्यांना आपणहून दुसरा मेल पाठवा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी संकोचामुळे तुम्हाला विचारलंच नसेल.

याच घोटाळ्याचा एक थोरला भाऊ आहे आणि तो जास्त नुकसान करतो. लालबागच्या ताईंच्या मेलमध्ये तो नाही, पण दुसऱ्या ऑफिसांतल्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. कार्डाचा सोळा आकडी नंबर मध्ये जागा न सोडता सलग आला, तर एक्सेल त्यालाही संख्या समजतं. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच नेमके जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं. म्हणजे शेवटी ७ असलेला नंबर शेवटी ० होऊन तुमच्यापर्यंत येतो. ओळखायची खूण सोपी आहे: आजूबाजूच्या चार जणांचे नंबर काढा. सगळ्यांचा शेवटचा आकडा शून्य असेल तर योगायोग म्हणू नका. इथे मात्र सूत्राने काही परत येत नाही, कारण तो आकडा पुसलाच गेलेला असतो. ० ते ९ एकेक टाकून बघायचा मोहही आवरा. तिसऱ्या-चौथ्या चुकीला कार्ड अडवलं जाईल, आणि अंदाजाने टाकलेला नंबर दुसऱ्याच्या कार्डाचा निघाला तर तो वेगळा ताप. मूळ फाइलशिवाय याला इलाज नाही.

आता मुदत, कारण तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. एचआरच्या उत्तराची वाट बघत बसू नका. जारी करणाऱ्या कंपनीला आजच ईमेल करा. मुदतीच्या आत तक्रार केली याची तारखेसकट नोंद तुमच्या हातात असणं पुढे फार कामाला येतं. फोनवर बोललात तरी मागून ईमेल कराच. मजकूर असा चालेल: “माझ्या कंपनीने दिलेलं ५,००० रुपयांचं गिफ्ट व्हाउचर अमुक तारखेपासून अ‍ॅपमध्ये जमा होत नाही. कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक. येणारा संदेश ‘इनव्हॅलिड कार्ड नंबर ऑर पिन’. मला मिळालेल्या मेलमध्ये पिन पाच आकडी आहे, एखादा आकडा गळला असावा. व्हाउचरची सध्याची स्थिती आणि शिल्लक कळवावी. मुदत अमुक तारखेला संपते, त्याआधी प्रश्न न सुटल्यास मुदत वाढवून किंवा नवं व्हाउचर द्यावं. तक्रार क्रमांक कळवावा.” सोबत ऑफिसचा मूळ मेल, पिन झाकून, जोडा. कंपनीने खरेदी केलेलं व्हाउचर असल्यामुळे ते ऑर्डर क्रमांक विचारतील. तो एचआरकडून घ्या, किंवा एचआरलाच त्या मेलमध्ये ठेवा. खरेदीदार कंपनीचं नाव बघितलं की अशा तक्रारी झटपट हलतात.

मुदतवाढ मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नाही. अनेक ठिकाणी चालणारी गिफ्ट व्हाउचरं रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड साधनांच्या नियमांखाली येतात. त्या नियमांनुसार असं एक गिफ्ट व्हाउचर १०,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेचं नसतं, ते पुन्हा भरता येत नाही, त्याची रोख काढता येत नाही, आणि त्याची मुदत किमान एक वर्ष असावी लागते. धारकाने मागितलं तर पुन्हा मुदत देण्याची किंवा नवं व्हाउचर काढून देण्याचीही तरतूद त्यात आहे. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच दुकानात वापरायला काढलेलं व्हाउचर मात्र या नियमांबाहेर राहतं आणि तिथे त्या दुकानाच्या अटी चालतात. तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते मेलच्या तळाच्या अटींवरून कळेल. तिथे ‘प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट’ किंवा रिझर्व्ह बँकेचा उल्लेख असेल तर पहिल्या प्रकारचं.

पहिल्या प्रकारचं असेल, तर जारी करणाऱ्या कंपनीने तक्रार जास्तीत जास्त ३० दिवसांत निकाली काढायला हवी. वेबसाइटवर तक्रारी बघणाऱ्या त्यांच्या नोडल अधिकाऱ्याचा ईमेल असतो, पहिल्या आठवड्यात हालचाल दिसली नाही तर त्यांना लिहा. ३० दिवसांतही काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. दुसऱ्या प्रकारचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. ‘व्हाउचर तुम्ही विकत घेतलं नाही, भेट मिळालंय, तुमचा काय संबंध’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पैसे भरणाऱ्याच्या संमतीने वापर करणाऱ्यालाही ग्राहकच मानतो. तुमच्या प्रकरणात इथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

तो फोन ठेवलात हे फार बरं केलंत. कस्टमर केअर म्हणून नेटवर वर वर दिसणाऱ्या नंबरांत भामट्यांनी पेरलेले नंबर भरपूर असतात, आणि व्हाउचर चालत नाही म्हणून वैतागलेला माणूस त्यांना आयता सापडतो. फोनमध्ये काही डाउनलोड करायला लावायचं, म्हणजे तुमचा पडदा त्यांना दिसतो, आणि मग पाच हजारांच्या व्हाउचरवरून गोष्ट बँक खात्यापर्यंत जाते. खरा नंबर अ‍ॅपच्या आतल्या मदत विभागात किंवा व्हाउचरच्या मेलमधल्या अटींतच बघायचा.

एक गोष्ट मात्र मुलाला नीट विचारा: त्या माणसाला कार्डाचा नंबर आणि पिन सांगितला होता का? सांगितला असेल तर एक दिवस थांबा हा माझा वरचा सल्ला बाजूला ठेवा. पाच आकडी पिनच्या पुढे शून्य लावायचं त्यालाही सुचू शकतं. तसं असेल तर जारी करणाऱ्या कंपनीला ताबडतोब फोन करून कार्ड थांबवायला सांगा, ईमेलही करा, आणि नवा नंबर-पिन मागा. फोनमध्ये खरंच काही डाउनलोड झालं असेल तर ते काढून टाका, बँकेला कळवा, आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. इतरांनाही हेच सांगेन की कार्डाचा नंबर मदत केंद्राला सांगावा लागतो, पण पिन किंवा ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, आणि वैतागून व्हाउचरचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर किंवा कंपनीच्या सोशल मीडिया पानावर टाकायचा नाही. फोटो बघणारा पहिला माणूसच ते वापरून मोकळा होतो.

ज्यांचे सगळे आकडे नीट आहेत आणि तरी अडतंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. पेमेंटच्या पानावर बहुतेक वेळा आधी ‘कूपन कोड’ची चौकट दिसते. ती सवलतीच्या कोडसाठी असते. गिफ्ट व्हाउचर तिथे टाकलं तर ते इनव्हॅलिडच ठरणार, त्याची जागा पेमेंटच्या पर्यायांत ‘गिफ्ट कार्ड’ नावाने वेगळी असते. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर काही कीबोर्ड ४, ७ असे देवनागरी आकडे टाकतात आणि बरीच अ‍ॅप्स ते ओळखत नाहीत, म्हणून कीबोर्ड इंग्रजीवर नेऊन टाका. काही दुकानांची व्हाउचरं फक्त दुकानातच चालतात, अ‍ॅपवर नाही. हे अटींत लिहिलेलं असतं. अशा वेळी मेल घेऊन काउंटरवर गेलात की काम होतं. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकाने amazon.com वरून पाठवलेलं कार्ड amazon.in वर चालत नाही. त्यात काही बिघाड नसतो, ते त्याच देशाच्या साइटसाठी असतं. पाठवणाऱ्याला सांगून इथल्या साइटवरचं मागवावं.

ताई, व्हाउचर जमा झालं की खात्यातली शिल्लक आणि तिची मुदत दोन्हीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि मिक्सरची ऑर्डर महिनाअखेरीआधी टाका. खात्यात जमा झाल्यावर मुदत बदलते का, हे अ‍ॅपगणिक वेगळं असतं, म्हणून तिथे दिसेल ती तारीख खरी धरा. मिक्सर पाच हजारांच्या वर असेल तर उरलेली रक्कम यूपीआयने किंवा कार्डाने भरता येते का, ते पेमेंटच्या पानावर दिसेल. मिक्सर परत करावा लागला तर व्हाउचरचे पैसे बँकेत येत नाहीत, ते व्हाउचरच्याच शिल्लकीत परत जातात, आणि तिथे जुनी मुदत लागू राहण्याची शक्यता असते. म्हणून खोकं घरी आलं की लेकीकडे पोहोचवायच्या आधी भांडी लावून, मोटर फिरवून बघा. बदलून घ्यायचा असेल तर मुदतीच्या आत बदलून होईल.